‘भीमायन’मधील चौकटींविषयी खुलासा

डॉ. आंबेडकरांच्या जीवनावरील ‘भीमायन’ या चित्रमय पुस्तकाविषयी पुढील संदेश गटांवर फिरत आहे; तो चुकीचा आहे:

“भीमायनमध्ये चौकटीच नाहीत, त्यामुळे ती ग्राफिक कादंबरी नव्हे; नुसता मजकूर वाचला तरी चालतो.”

२०११ साली नवयानने प्रकाशित केलेल्या या पुस्तकात चित्रकार दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी सरळ रेषांचे चौकोन मुद्दाम टाळले असून, पानाची विभागणी दिग्नाने, म्हणजे परधान गोंड घरांच्या भिंती-जमिनींवर काढल्या जाणाऱ्या नक्षीच्या वळणदार पट्ट्यांनी, केली आहे. एरवी चित्रकथेत दोन चौकटींमधली कोरी फट प्रसंग तोडते आणि जोडतेही. इथे ते काम हा पट्टा करतो. मात्र तो कोरा नसल्याने नजर त्यावरून उडी न मारता वळणावळणाने पुढे सरकते, आणि क्वचित आधी कोणते चित्र वाचावे असा प्रश्नही पडतो.

मजकूर वेगळा काढल्यास खरे नुकसान संवादांचे होते. जातीचा जाच सोसणाऱ्यांच्या, मृदू बोलणाऱ्यांच्या संवादाच्या फुग्यांना पक्ष्याचा आकार आहे, तर विखारी बोलणाऱ्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. बोलण्यातला डंख अक्षरांत नव्हे, फुग्याच्या शेपटीत दिसतो. या आकारांचा अर्थ पुस्तकाच्या अखेरीस दिलेलाच आहे. तो भाग बहुधा वाचायचा राहून जातो.

वरील संदेश माझ्याकडूनही काही गटांवर गेला होता. तो मी मागे घेतला आहे. आपणही कृपया पुढे पाठवू नये.