हात द्यायचा नसेल तर नाणेफेकीआधी सांगा

“सूर्याने हात मिळवला नाही तर एवढं काय बिघडलं? कुठल्या नियमात लिहिलंय? तुम्ही कॅनडात बसून आम्हाला खिलाडूवृत्ती शिकवता.” (पुण्याहून भाच्याने घरच्या ग्रुपवर विचारलेलं)

प्रश्न आहे 2025 च्या आशिया चषकाचा, तिथे दुबईत भारतीय संघाने पाकिस्तानच्या खेळाडूंशी हात मिळवले नाहीत. नियमात तसं लिहिलेलं नाही, हे बरंचसं खरं आहे. क्रिकेटच्या नियमांच्या प्रस्तावनेत एवढंच म्हटलंय की निकाल काहीही लागो, सामना संपल्यावर पंचांचे आणि प्रतिस्पर्ध्यांचे आभार मानावेत. ते हातात हात घेऊनच मानावेत, असं तिथे नाही. त्या स्पर्धेत सूर्यकुमार यादवला मानधनाच्या 30 टक्के दंड झाला, तो हात न दिल्याबद्दल नव्हे, सामन्यानंतरच्या वक्तव्याबद्दल.

याच ग्रुपवर नाशिकच्या मामांनी लगेच लिहिलं, “मँचेस्टरलाही जडेजाने हात दिला नव्हता, तेव्हा कोणी बोललं नाही.” मामा अर्धे बरोबर आहेत. जुलै 2025 मध्ये मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डला कसोटीचे शेवटचे 15 ओव्हर उरले असताना इंग्लंडचा कर्णधार बेन स्टोक्सने हात पुढे केला, तो सामना अनिर्णित ठेवून तिथेच थांबू या, असा प्रस्ताव म्हणून. जडेजा 89 वर आणि वॉशिंग्टन सुंदर 80 वर खेळत होते. त्यांनी खेळ सुरू ठेवला, दोघांची शतकं झाली आणि मग सगळ्यांनी हात मिळवले. नकार होता तो सामना आटोपता घेण्याला. दुबईत नकार होता तो समोरच्या माणसाला अभिवादन करण्याला. दोन्हीची गल्लत केली की वाद भरकटतो.

मला दुबईतल्या नकारावर आक्षेप नाही. पहलगाममध्ये 26 माणसं मारली गेल्यानंतर पाच महिनेही झाले नव्हते, आणि हात न देण्याचा हक्क खेळाडूला आहे, असं मी मानतो. आक्षेप आहे तो पद्धतीवर. 14 सप्टेंबर 2025 ला नाणेफेकीच्या वेळी सूर्यकुमार आणि पाकिस्तानचा कर्णधार सलमान आगा हात न मिळवताच परत फिरले. विजयी षटकार मारून सूर्यकुमार शिवम दुबेसोबत थेट आत गेला, भारतीय ड्रेसिंग रूमचं दार बंद झालं आणि पाकिस्तानचे खेळाडू मैदानावर वाट पाहत राहिले. सलमान आगा पुढे बक्षीस समारंभाला आला नाही. मग पाकिस्तान बोर्डाने सामनाधिकारी अँडी पायक्रॉफ्ट यांच्याकडे बोट दाखवलं, कारण नाणेफेकीला हात मिळवू नका असं त्यांनीच आगाला सांगितलं, अशी तक्रार होती. त्यांना हटवण्याची मागणी आयसीसीने फेटाळली. 17 सप्टेंबरचा यूएईविरुद्धचा सामना तासभर उशिरा सुरू झाला. नकार दोन संघांमधला होता, पण चार दिवस गाजला तो सामनाधिकाऱ्याच्या डोक्यावर फुटून. निर्णय कोणाचा आणि तो कधी कळवला, हे आधी जाहीर न केल्याचा हा परिणाम.

टेनिसमध्ये हेच आधी घडून गेलं आहे. युक्रेनच्या खेळाडू रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना हात देत नाहीत, हे दौऱ्यावर सर्वांना ठाऊक होतं. प्रेक्षकांना मात्र नव्हतं. जुलै 2023 मध्ये विम्बल्डनला एलिना स्वितोलिना जिंकली, तिची भूमिका ओळखून बेलारूसची व्हिक्टोरिया अझारेन्का जाळ्याकडे न जाता निघाली, आणि लोकांनी हुर्यो उडवली ती अझारेन्काची. स्वितोलिनाने नंतर मागितलं ते एवढंच, की संघटनांनी हे जाहीरपणे सांगून टाकावं. माझ्या मते हाच सगळ्यात उपयोगी धडा आहे.

“मग सरळ नियम करा, सक्ती करा,” असं ग्रुपवरच्या एका मावशींचं मत पडलं. तेही करून झालंय. तलवारबाजीत हस्तांदोलन सक्तीचं होतं. मिलानच्या जागतिक स्पर्धेत, 2023 मध्येच, युक्रेनच्या ओल्हा खारलानने तटस्थ म्हणून उतरलेल्या रशियाच्या अ‍ॅना स्मिरनोव्हाला 15-7 हरवलं आणि हाताऐवजी सेबरचं पातं पुढे केलं. स्मिरनोव्हा मैदानपट्टीवरच खुर्चीवर बसून राहिली. खारलानला काळं कार्ड मिळून ती स्पर्धेबाहेर गेली. जगभरातून टीका झाल्यावर बंदी उठवावी लागली, ऑलिंपिक समितीने तिला पॅरिसमध्ये जागा देऊ केली आणि दुरून अभिवादन करण्याची मुभा आली. सक्ती अशीच मोडते, कारण ती ज्या दिवसासाठी केलेली असते त्याच दिवशी पाळता येत नाही.

इथल्या आईस हॉकीत मात्र हात मिळवण्याची रांग दणकट टिकली आहे, आणि त्याचं कारण ती मोजकी आहे. एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये नेहमीच्या सामन्यांनंतर हात मिळवत नाहीत. प्लेऑफची मालिका संपली, म्हणजे एक संघ घरी निघाला, की मगच दोन्ही रांगा हातमोजे काढून समोरासमोर सरकतात. याने वैर मिटतं असं समजू नये. मे 1996 मध्ये कोलोरॅडोच्या क्लॉड लेम्यूच्या धडकेने डेट्रॉइटच्या क्रिस ड्रेपरचा जबडा मोडला. सामन्यानंतर रांगेत लेम्यूशी हात मिळवले गेले, इजा किती गंभीर ते नंतर कळलं, आणि डीनो सिकारेलीने त्याचा उघड संताप व्यक्त केला. पुढच्या मार्चमध्ये त्याच दोन संघांत तुफान हाणामारी झाली.

मुलांच्या लीगमध्ये रांग खरी बिघडते. हरलेला मुलगा आणि त्याला पाडणारा मुलगा शेवटच्या शिट्टीनंतर काही क्षणांतच समोरासमोर येतात, हात जरा जोरात दाबला जातो, एखादा शब्द निसटतो, मागचे पुढच्यांवर आदळतात. केंटकीच्या शालेय क्रीडा संघटनेने 2013 मध्ये शाळांना अशा आखलेल्या रांगा टाळा असं कळवलं होतं, तीन वर्षांत दोन डझनांहून जास्त मारामाऱ्या झाल्या म्हणून. मी तितकं पुढे जाणार नाही. उपाय साधे आहेत. दोन्ही प्रशिक्षकांपैकी एक रांगेच्या पुढे आणि एक मागे चालतो. शेवटच्या काही मिनिटांत भांडलेल्या मुलाला रांगेआधीच आत पाठवतात. पंच शेवटचा मुलगा बाहेर पडेपर्यंत मैदान सोडत नाहीत. काही ठिकाणी तर हात मिळवणं सामन्याआधीच उरकतात, तेव्हा कोणी हरलेलं नसतं. कोपराला कोपर किंवा मूठ टेकवली तरी चालतं, फक्त दोन्ही संघांनी एकच पद्धत आधी ठरवावी.

इथल्या क्लब क्रिकेटमधले एक जुने पंच, लाहोरचे, भारतीय खेळाडूंशी बोलताना एकच अट घालतात. “हात द्यायचा नसेल तर नाणेफेकीआधी मला आणि समोरच्या कॅप्टनला सांगा. मी दोन्ही संघांना नाणेफेकीनंतर परत पाठवतो, शेवटी दोन्ही बाजूंनी टोपी काढून नमस्कार करतो आणि कोणी दारावर उभं राहत नाही.” त्यांचं म्हणणं मला पटतं, भाच्याला नाही. तो विचारतो, की संघाने नाही म्हटलं आणि एका खेळाडूला द्यायचा असेल तर? सुलतान जोहोर चषकात ऑक्टोबर 2025 मध्ये भारत-पाकिस्तानच्या ज्युनिअर हॉकीपटूंनी सामन्याआधी टाळी दिली, आणि त्याच महिन्यात कोलंबोत महिला विश्वचषकात हात मिळवले गेले नाहीत. एकच देश, एकच महिना. हे ठरवणार कोण, खेळाडू, बोर्ड की सरकार, याचं उत्तर अजून कोणी उघडपणे दिलेलं नाही.