कुकीच्या बॅनरवर ‘नाही’ म्हटल्यावर नेमकं काय थांबतं?

व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर असा आहे:

> “कुकी म्हणजे छोटा प्रोग्रॅम. ‘ॲक्सेप्ट’ दाबलं की तो फोनमध्ये शिरून फोटो आणि पासवर्ड वाचतो. ‘रिजेक्ट’ दाबा, एकही कुकी बसणार नाही आणि कोणी तुमचा माग काढू शकणार नाही. चुकून ‘ॲक्सेप्ट’ दाबलं असेल तर कुकीज पुसून टाका, संमती आपोआप रद्द होते.”

पहिलं वाक्य लवकर निकालात निघतं. कुकी हा प्रोग्रॅम नाही, मजकुराची एक ओळ आहे. सर्व्हर ती पाठवतो, ब्राउझर ती जपतो आणि पुढच्या वेळी त्याच सर्व्हरला परत देतो. तिला फोटो उघडता येत नाहीत. लॉगिनची कुकी कोणी चोरली तर पासवर्ड न कळताही खात्यात घुसता येतं, एवढं मात्र खरं. पण ती कुकी तुम्ही लॉगिन केल्यावर बसते, बॅनरवर काहीही दाबलेलं असो.

खरी गफलत ‘रिजेक्ट’बद्दलच्या वाक्यात आहे. समजा, तुम्ही बातम्यांची एखादी साइट उघडली, लॉगिन केलं आणि ब्राउझरला या दोन ओळी आल्या. पहिली खुद्द साइटकडून, दुसरी पानावरच्या जाहिरातीच्या सर्व्हरकडून:

```
Set-Cookie: sid=7f3a91; HttpOnly; Secure; SameSite=Lax
Set-Cookie: uid=c58e20; Max-Age=31536000; SameSite=None; Secure
```

पहिली तुमचं लॉगिन टिकवते आणि सहसा ब्राउझर बंद केला की जाते. दुसरीतला मोठा आकडा सेकंदांचा आहे, म्हणजे बरोबर एक वर्ष. `SameSite=None` मुळे ती दुसऱ्यांच्या साइटवरूनही आपल्या सर्व्हरकडे परत जाऊ शकते. त्यामुळे जिथे जिथे त्या कंपनीची जाहिरात आहे, तिथे c58e20 हाच वाचक आला हे तिला कळतं. सफारी आणि फायरफॉक्स ही वाट मुळातच अडवतात, पण सगळे ब्राउझर तसं करत नाहीत.

बॅनर आला युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशातून, त्यात २००९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर. तुमच्या उपकरणात माहिती साठवायची किंवा तिथली वाचायची असेल, तर आधी संमती घ्या, असं हा निर्देश सांगतो. तुम्ही मागितलेल्या सेवेसाठी जे अत्यावश्यक आहे, त्याला यातून सूट आहे. म्हणून ‘रिजेक्ट’ दाबूनही `sid` राहते, आणि ते नियमाला धरूनच आहे. तुमचा नकार लक्षात ठेवायलाही बहुधा कुकीच लागते. संमती नोंदवण्याच्या जाहिरात-उद्योगाच्या सामाईक चौकटीत तिचं नाव सहसा `euconsent-v2` असतं.

पण बटण फक्त साठवण्यापुरतं नसतं. त्याच चौकटीतल्या बॅनरवर ‘पर्याय पाहा’ उघडलं की पहिला उद्देश माहिती साठवण्याचा आणि वाचण्याचा दिसतो. पुढचे उद्देश त्या माहितीचं काय करायचं याचे असतात: तुमचं जाहिरात-प्रोफाइल बनवणं, त्यावरून जाहिरात निवडणं, तिचा परिणाम मोजणं. त्याखाली ‘भागीदारां’ची यादी, अनेकदा शेकडो कंपन्यांची. ‘ॲक्सेप्ट ऑल’ म्हणजे या सगळ्यांना एका फटक्यात होकार. तुमचा खरा प्रश्न या यादीशी आहे, कुकी नावाच्या वस्तूशी नाही.

याच पडद्यावर ‘लेजिटिमेट इंटरेस्ट’ नावाचा दुसरा भाग असतो आणि तिथली बटणं आधीच चालू असतात. हा संमतीखेरीज वेगळा कायदेशीर आधार आहे, त्यामुळे तिथे होकार मागत नाहीत, हरकत घ्यायची सोय देतात. काही बॅनरांवर ‘रिजेक्ट ऑल’ने या हरकती घेतल्या जात नाहीत, त्या वेगळ्या नोंदवाव्या लागतात. मला हा सगळ्यात लबाड कोपरा वाटतो. २०२३ पासून या चौकटीत व्यक्तीनुरूप जाहिरातींसाठी हा आधार चालत नाही, पण जाहिरातीचा परिणाम मोजण्यासाठी चालतो. शिवाय आयपी पत्ता, स्क्रीनचा आकार, फॉन्ट यांवरून माग काढायला कुकी लागतच नाही.

राहिला कुकी पुसण्याचा सल्ला. पुसल्याने `uid` जाते आणि पुढच्या भेटीत तुम्ही त्या कंपनीला नवे दिसता, तेवढा फायदा आहेच. पण आधी गोळा झालेली माहिती त्यांच्या सर्व्हरवर असते, तिथे तुमचं पुसणं पोचत नाही. तुमचा नकारही कुकीसोबत पुसला जातो, म्हणून बॅनर पुन्हा उगवतो. संमती मागे घ्यायची असेल तर पानाच्या तळाशी ‘कुकी सेटिंग्ज’ किंवा ‘प्रायव्हसी’ची लिंक शोधा. युरोपच्या जीडीपीआर कायद्यानुसार संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं असायला हवं. मात्र तेही पुढच्या वापरापुरतं. जुनी माहिती काढून टाकायची तर कंपनीकडे वेगळी मागणी करावी लागते.

एखादी साइट विचारण्याआधीच कुकी बसवते का, हे संगणकावर क्रोममध्ये तपासता येतं. खासगी खिडकीत जाहिरातीच्या सर्व्हरसारख्या तिसऱ्या पक्षाच्या कुकीज अडवल्या जातात, म्हणून नेहमीच्याच खिडकीत आधी सगळ्या कुकीज पुसा. मग साइट उघडा, बॅनरला हात लावू नका आणि F12 दाबून Application मधल्या Cookies खाली पाहा. तिथे साइटशिवाय दुसऱ्याच डोमेनच्या नावाने वर्षभराची ओळख-कुकी दिसली, तर बॅनर विचारण्याआधीच काम उरकलेलं आहे.