चालू कन्सोलची पट्टी काढू नका: त्या व्हॉट्सॲप निरोपाला उत्तर

«गेमच्या कन्सोलची स्क्रीन लुकलुकत असेल, अंधुक झाली असेल किंवा ठिपका अडकला असेल तर दहातल्या नऊ वेळा आतली पट्टी सैल झालेली असते. १) स्क्रीनचा कोपरा अंगठ्याने जोरात दाबा. २) हेअर ड्रायरने गरम करा आणि लगेच दहा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. ३) तरी नाही जमलं तर मागचे स्क्रू काढून कन्सोल चालू असतानाच पट्टी काढून परत लावा, फरक लगेच दिसतो. ४) अडकलेल्या ठिपक्यावर पेन्सिलच्या मागच्या टोकाने चोळा. दुकानवाला हे सांगणार नाही. पुढे पाठवा.»

हा निरोप माझ्या भाच्याच्या वर्गाच्या ग्रुपवर फिरला, तिथून ताईकडे आला आणि ताईने तो आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. तोवर भाच्याने पहिला आणि तिसरा मुद्दा करून पाहिला होता. प्रतापनगरहून त्याचा फोन आला, "मामा, आवाज येऊन राहिला, पण स्क्रीन पूर्ण काळी झाली." आधी त्याची स्क्रीन फक्त लुकलुकत होती. म्हणून सुरुवात तिसऱ्या मुद्द्यापासून करतो. बाकीचे मुद्दे चुकीचे आहेत, पण हा कन्सोल मारणारा आहे.

एलसीडी पॅनल स्वतः उजेड देत नाही. त्याच्या मागे पांढऱ्या एलईडींची रांग असते, तीच बॅकलाइट. एका एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. एका रांगेत एकापाठोपाठ सहा असतील तर १८ व्होल्टच्या आसपास हवेत. बॅटरी देते ३.७. म्हणून बोर्डावर एक लहानसं सर्किट व्होल्टेज चढवतं. मोबाइल रिपेअरवाले त्याला लाइट सेक्शन म्हणतात. तिथून निघालेली लाइन रिबन केबलमधून, म्हणजे निरोपातल्या पट्टीतून, पॅनलपर्यंत जाते. काही कन्सोलमध्ये ती वेगळ्या बारीक पट्टीत असते, काहींमध्ये मोठ्या पट्टीच्या पिनांमध्येच. या पिना एकमेकींपासून मिलिमीटरपेक्षाही कमी अंतरावर असतात.

आता कन्सोल चालू आहे आणि तुम्ही पट्टी ओढली. ती सरळ रेषेत कधीच निघत नाही, एक कड आधी सुटते. त्या तिरक्या क्षणी चढवलेल्या व्होल्टेजची पिन शेजारच्या ग्राउंडला किंवा कमी व्होल्टच्या सिग्नलला टेकू शकते. नशीब बरं असेल तर लाइनवरचा बारीकसा फ्यूज किंवा फिल्टर उडतो. नसेल तर लाइट सेक्शनची आयसी जाते, किंवा ते व्होल्टेज सिग्नलच्या पिनेतून आत शिरतं. परत बसवताना धोका तेवढाच असतो, कारण अंदाजाने सरकवलेली पट्टी पहिल्या खेपेला सरळ बसत नाही.

"मग मी बंद करून काढतो" हेही पुरेसं नाही. वरचं बटण एकदा दाबलं की बहुतेक कन्सोल झोपतात, बंद होत नाहीत. पूर्ण बंद केला तरी बॅटरीचं व्होल्टेज बोर्डावर असतंच, आणि व्होल्टेज चढवणाऱ्या साध्या सर्किटमध्ये ते कॉइल आणि डायोडमधून पुढच्या लाइनपर्यंतही पोचतं. म्हणून मागचं झाकण उघडल्यावर पहिलं काम एकच: बॅटरीचा कनेक्टर काढायचा. प्लास्टिकच्या पातीने, सरळ वर. मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं, म्हणजे कपॅसिटरमध्ये उरलेलं निघून जातं. त्यानंतरच डिस्प्लेच्या पट्टीला हात लावायचा.

भाच्याचा कन्सोल मी संध्याकाळी घेऊन आलो. अंधाऱ्या खोलीत चालू केला आणि मोबाइलचा टॉर्च काचेवर तिरका धरला. मेनूचं चित्र फिकट, पण स्पष्ट दिसत होतं. म्हणजे पॅनल चांगलं, चित्राची पट्टीही चांगली, गेली ती फक्त लाइट. टीव्हीला जोडला तर तिथे चित्र अगदी ठीक. बॅटरी काढून मल्टिमीटर बीपवर लावला आणि लाइटच्या लाइनवरच्या फ्यूजच्या दोन टोकांना टेकवला. बीप नाही, फ्यूज उडालेला. नवा लावण्याआधी तीच लाइन ग्राउंडशी शॉर्ट आहे का तेही पाहिलं. शॉर्ट तशीच ठेवून फ्यूज बदलला तर नवाही त्याच क्षणी जातो. शॉर्ट नव्हती. हा फ्यूज तांदळाच्या कणीपेक्षा लहान असतो आणि तो घरच्या जाड सोल्डरिंगने लावायची वस्तू नाही. सीताबर्डीत मायक्रोस्कोपखाली बोर्डाचं काम करणाऱ्या एका कारागिराने तो बदलून दिला.

आणि हो, एक गोष्ट मान्य करावी लागते. भाच्याची पट्टी खरंच सैल होती. कन्सोल हातातून पडल्यापासून उजवीकडून उचलला की पूर्ण स्क्रीन क्षणभर काळवंडायची, आवाज मात्र चालूच. ही लाइटच्या लाइनची सैल जोडणीच. बॅटरी काढून, लॉक उघडून पट्टी नीट बसवली असती तर काम तिथेच संपलं असतं. निरोपातलं निदान त्याच्या बाबतीत बरोबर निघालं आणि उपायाने बिघाड वाढवला.

पण "दहातल्या नऊ वेळा" हे कोणी मोजलेलं नाही. लुकलुकण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि झाकण न उघडता त्यातली बरीचशी वेगळी काढता येतात. आधी ऑटो ब्राइटनेस बंद करून पाहा. घरात पंख्याची सावली किंवा खिडकीचा पडदा हलत असेल तर सेन्सर उजेड वरखाली करत राहतो आणि ते लुकलुकल्यासारखंच दिसतं. मग बिघाड दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर किंवा टीव्हीवर उघडा. रेघा स्क्रीनशॉटमध्येही असतील तर दोष गेममध्ये किंवा बोर्डाच्या ग्राफिक्समध्ये आहे, पट्टी कितीही बसवली तरी जाणार नाही. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर दोष त्यापुढचा: पट्टी, पॅनल किंवा लाइट. ज्या कन्सोलचं चित्र टीव्हीवर जातं त्याला तिथे जोडून हेच पक्कं करता येतं. निन्टेंडो स्विच लाइटमधून टीव्हीवर चित्र जात नाही, तिथे स्क्रीनशॉटवरच भागवावं लागतं.

त्यानंतर कसं लुकलुकतं ते पाहा. पूर्ण चित्र एकसारखं काळवंडत असेल आणि टॉर्चखाली दिसत असेल तर लाइटची बाजू. उभ्या-आडव्या रेघा, अर्धंच चित्र, उडालेले रंग किंवा लाइट चालू असून कोरी पांढरी स्क्रीन असेल तर चित्राची पट्टी किंवा पॅनल. कन्सोल दोन्ही हातांत धरून अगदी हलका पीळ दिल्यावर लक्षण बदलत असेल तर जोडणी सैल असण्याची शक्यता मोठी. काहीच बदललं नाही आणि रेघ त्याच जागी ठाम असेल तर बहुधा पॅनलच गेलंय.

पट्टी बसवायचीच असेल तर बहुतेक ठिकाणी कनेक्टरला उचलायचं लॉक असतं. ते नखाने किंवा प्लास्टिकच्या पातीने उभं करायचं, पट्टी जोर न लावता सरळ बाहेर काढायची. टोकावर मळ असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. परत घालताना बऱ्याच पट्ट्यांवर एक पांढरी रेघ असते, ती कनेक्टरच्या कडेला समांतर दिसली पाहिजे. तिरकी दिसली तर लॉक लावू नका, काढून पुन्हा घाला. बॅटरी सगळ्यात शेवटी.

कोपरा दाबण्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. दाबल्यावर बरं वाटतं, कारण आतली पट्टी क्षणभर टेकते आणि हात काढला की पुन्हा सुटते. पण एलसीडीच्या मागच्या थरांवर पांढरा डाग उमटला तर तो कायमचा राहतो.

दुसऱ्या मुद्द्याचा मात्र मला मनापासून राग आहे, कारण तो नागपुरात वाचला जातोय. निन्टेंडोने स्विच वापरण्यासाठी दिलेलं तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या आसपास जातो, घरातली खोलीच पस्तिशीच्या पुढे असते, आणि त्यावर हेअर ड्रायर? आतली लिथियम बॅटरी आणि स्क्रीनचा गोंद या दोघांनाही ती उष्णता सोसत नाही. मग फ्रीझर, म्हणजे उणे १८ अंशांच्या जवळपास. तिथून वस्तू बाहेर येते ती कूलरच्या दमट हवेत. खोली ३० अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर साधारण २१ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. ते पाणी फक्त काचेवर धरत नाही, कनेक्टरच्या पिनांवरही धरतं. त्यात कन्सोल चालू केला की पिनांवर हिरवट थर चढायला लागतो, आणि आज नसलेली सैल जोडणी दोन महिन्यांनी खरोखर तयार होते. गोठलेल्या बॅटरीला लगेच चार्जर लावला तर तिच्या आत धातूचं लिथियम साचतं. ते परत जात नाही आणि बॅटरी कायमची बिघडते.

राहिला ठिपका. त्याचा आणि पट्टीचा संबंध नाही. पट्टी सुटली की रेघा येतात, एकटा ठिपका येत नाही. लाल, हिरवी, निळी, पांढरी आणि काळी अशा कोऱ्या स्क्रीन एकामागून एक लावून पाहा. काळ्यावरही रंगीत चमकत असेल तर तो अडकलेला पिक्सेल, पांढऱ्यावरही काळाच राहत असेल तर मेलेला. अडकलेला पिक्सेल रंग भराभर बदलणाऱ्या व्हिडिओने कधीकधी सुटतो, एवढं खरं आहे, आणि त्याने नुकसान होत नाही. मेलेला कशानेच परत येत नाही. निन्टेंडो स्वतः सांगते की एलसीडीवर असे थोडे ठिपके असणं हे त्या पडद्याचं सामान्य लक्षण आहे, दोष नाही. त्यामुळे एका ठिपक्यासाठी वॉरंटीत पॅनल बदलून मिळेल अशी आशा धरू नका आणि त्यासाठी कन्सोल उघडूही नका.

पेन्सिलने चोळायचं काम तर ओलेड स्क्रीनवर मुळीच करू नका. २०२१ साली आलेल्या स्विचच्या ओलेड मॉडेलला बॅकलाइटच नाही, प्रत्येक पिक्सेल स्वतः उजेड देतो, म्हणून वर सांगितलेली टॉर्चची परीक्षाही तिथे चालत नाही. त्या पिक्सेलवरचा संरक्षक थर फार पातळ असतो. तो दाबाने फाटला की हवेतला दमटपणा आत जातो आणि एका ठिपक्याचा काळा डाग होऊन पसरत जातो.