कोटभर वाचकांचा बायोडेटा

पत्रकाराने किंवा कंटेंट रायटरने बायोडेटा कसा लिहावा, याबद्दल भलतेसलते सल्ले फिरत असतात. एका पानात बसवा, मोजकंच काम दाखवा, आकडे खरे द्या, वगैरे. अशाने नोकरी लागतही असेल, पण रुबाब काय राहिला? तेव्हा जरा माझं ऐका.

प्रकाशित लेखनापासून सुरू करू. तुमच्या नावावर साडेतीनशे बातम्या असतील तर साडेतीनशेही द्या. संपादकाला रात्री पहिली आवृत्ती सोडायची घाई असते, पण तुमच्या 'नालेसफाईची आयुक्तांकडून पाहणी'साठी तो वेळ काढेलच. काही लोक सहाच बातम्या निवडतात आणि प्रत्येकीखाली दोन ओळी लिहितात: माग कसा लागला, कोणती कागदपत्रं पाहिली, छापून आल्यावर काय हाललं. त्यांच्या सहाच्या सहा बातम्या वाचल्या जातात. हा धोका तुम्ही कशाला पत्करता?

लिंक द्यायची तर ई-पेपरची द्या. ती उघडायला लॉगिन लागतं आणि काही ठिकाणी जुने अंक थोड्याच दिवसांत दिसेनासे होतात, म्हणजे बातमी होती की नव्हती हा प्रश्न कायमचा गूढ राहतो. तारीख, आवृत्ती आणि पान क्रमांक लिहून कात्रणाची पीडीएफ जोडणं, किंवा पोर्टल बंद पडायच्या आत `web.archive.org` वर प्रत जतन करणं, ही संशयी स्वभावाच्या माणसांची कामं.

वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी तुम्ही मराठीत आणली असेल तर ती तुमचीच. जाहिरात विभागाने पाठवलेला बिल्डरचा मजकूर तुमच्या नावाने गेला असेल तर तोही 'विशेष वृत्तांत' म्हणून लावा. याला मोठी परंपरा आहे. 2009च्या विधानसभा निवडणुकीत मुख्यमंत्र्यांचे गोडवे गाणारा एकच मजकूर शब्दशः वेगवेगळ्या मराठी दैनिकांत झळकला होता आणि पी. साईनाथांनी तो उघडा पाडला. त्यातल्या कुणी बायोडेटात ते कात्रण लावलं असेल का, हे कुतूहल मला आजही आहे.

आता विशेष विषय. राजकारण, क्रीडा, आरोग्य, शेती, शेअर बाजार, अध्यात्म, रेसिपी असं सगळं लिहा, कारण एखादा विषय राहिला तर नेमकी त्याचीच जागा निघायची. फक्त शेतीवर थांबणाऱ्यांची अडचण अशी की त्यांना मग शेतीतलं विचारतात. समजा, तुम्ही लासलगावच्या कांद्याची बातमी केली आणि मथळा दिलात, 'कांदा तीन हजारांवर'. बाजार समिती दिवसाअखेर किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव देते. तीन हजार हा कमाल भाव, तो मिळाला असेल एखाद्या ट्रॉलीला. बाकी माल सरासरीच्या आसपास, म्हणजे अठराशेला गेला. क्विंटलला अठराशे म्हणजे किलोला अठरा रुपये. आवक किती होती आणि माल उन्हाळ होता की लाल, हे सांगितल्याशिवाय त्या भावाला अर्थ नाही. हे ज्याला ठाऊक असतं तो 'शेती, विशेषतः बाजारभाव' एवढंच लिहितो आणि चार ओळींत उरकतो. तुम्ही 'कृषी, अर्थ व ग्रामीण घडामोडींचे गाढे अभ्यासक' लिहा. गाढे या शब्दाला वजन आहे.

पण बायोडेटाचा खरा दागिना म्हणजे वाचकसंख्या. इथे हात आखडता घेऊ नका.

हीच कांद्याची बातमी घ्या. पोर्टलच्या सर्च कन्सोलमध्ये तिचे 1,20,000 इम्प्रेशन्स दिसले असं धरू. म्हणजे गूगलच्या निकालांत तिची लिंक तेवढ्या वेळा आली. ती पाहून क्लिक झाले 2,400, म्हणजे शंभरात दोन. अॅनालिटिक्स सांगतं की पानावर लोक सरासरी 38 सेकंद रेंगाळले. नऊशे शब्द शांतपणे वाचायला चार-पाच मिनिटं तरी लागतात, म्हणजे बहुतेकांनी मथळा पाहिला, पहिला परिच्छेद चाळला आणि आपल्या बाजार समितीचा भाव शोधायला दुसरीकडे गेले. यातून काय लिहायचं ते उघड आहे: 'एक लाख वीस हजार वाचकांपर्यंत पोहोचलेली बातमी'. पोर्टलला महिन्याला एक कोटी पेज व्ह्यूज मिळत असतील तर आणखी सोपं. 'एक कोटी वाचक असलेल्या माध्यमात लेखन' असं लिहिलं की वाक्य खोटंही नाही आणि खरंही नाही. एकच माणूस दिवसातून आठ वेळा राशिभविष्य उघडतो, त्याचे आठ व्ह्यूज होतात, हे कुणी मोजायला बसत नाही.

छापील वृत्तपत्रातले असाल तर खप आणि वाचक यांतला फरक विसरून जा. एबीसी विकल्या गेलेल्या प्रती तपासते, तर आयआरएस पाहणी करून वाचकांचा अंदाज बांधत असे. एक अंक घरात, सलूनमध्ये, चहाच्या टपरीवर अनेक जण वाचतात, म्हणून दुसरा आकडा नेहमी मोठा. तोच घ्या. 2019च्या पाहणीनंतर बरीच वर्षं नवी आली नाही, त्यामुळे जुना आकडा बिनदिक्कत चालतो. ते सगळे वाचक पान सातवरच्या तुमच्या दोन कॉलमी बातमीपर्यंत आले, असं मानायला काय जातं?

'2,400 क्लिक, पण बातमीनंतर दोन बाजार समित्यांच्या संचालकांचे खुलाशासाठी फोन आले' असली माहिती मात्र देऊ नका. तिची खातरजमा करता येते.

राहता राहिला संपादनाचा अनुभव. 'विविध स्तरांवर संपादनाची जबाबदारी समर्थपणे पेलली' या ओळीत सगळं आलं. रात्रपाळीला किती पानं लावलीत, किती तालुका वार्ताहरांची कॉपी तुमच्या हातून जायची, हे सांगायला गेलात तर कामाचा वास येतो. माझ्या पाहण्यातल्या एका उपसंपादिकेने बायोडेटाला एकच कागद जोडला होता. डावीकडे वार्ताहराची सातशे शब्दांची गारपिटीची कॉपी, उजवीकडे तिने केलेली अडीचशेची. मूळ कॉपीत नुकसान एका परिच्छेदात दोन हजार हेक्टर होतं, पुढच्यात पाच हजार एकर. एका हेक्टरला सुमारे अडीच एकर, म्हणजे आकडा एकच. वार्ताहराने मात्र दोन्हींची बेरीज करून मथळ्यात सात हजार घातले होते. तिने समासात लिहिलं होतं, 'तलाठ्याला फोन केला, एकच क्षेत्र.' असला कोरडा कागद कोण वाचतो? त्या संपादकांनी वाचला, पण माणसं विक्षिप्त असतात.

एवढं सगळं करून बोलावणं आलंच, तर तिथे चाचणी असते. सहाशे शब्दांची कॉपी हातात देतात, तीनशेवर आणा म्हणतात, मथळा द्या म्हणतात, पाऊण तास देतात. कॉपीत मुद्दाम पेरलेलं काहीतरी असतं: मंत्र्यांचं जुनं खातं, न जुळणारी टक्केवारी, आरोप सिद्ध होण्याआधीच 'गुन्हेगार' ठरवलेला माणूस. त्यात अडकू नका. पेन खाली ठेवा आणि नम्रपणे सांगा, 'सर, मी साधारणपणे धोरण पातळीवर काम करतो.'