परदेशातून : पंचेचाळिशीची घाई आणि पहिली पाच वर्षं

"काका, वय ३६. मिहानमध्ये नोकरी, हातात महिना १ लाख ६० हजार, खर्च ७० हजार, साठलेले ४० लाख. ४५ ला नोकरी सोडून कायमचं थांबता येईल का?"

नागपूरहून पुतण्याचा हा मेसेज आला तेव्हा इथे न्यू जर्सीत रात्र होती. दुसऱ्या दिवशी फोनवर बोललो, तर स्पीकरवर अख्खं घर.

आधी हिशेब. महागाई ६ टक्के धरली तर आजचे ७० हजार नऊ वर्षांनी १ लाख १८ हजार होतात, म्हणजे वर्षाला सव्वाचौदा लाख. पुढे आयुष्यभर हा खर्च चालवायला याच्या ३० पट साठवण धरली, म्हणजे सव्वाचार कोटी. त्याचे ४० लाख आणि दरमहा उरणारे ९० हजार वर्षाला १० टक्क्यांनी वाढले तरी बचत अडीच कोटींवरच अडते. (पगारवाढ मी मुद्दाम धरली नाही, ती बहुतेक वेळा नव्या गाडीतच जाते.) खर्च ५० हजारांवर आणला, तर लागणारी रक्कम तीन कोटींवर उतरते आणि बचत पावणेतीन कोटींच्या पुढे जाते. खर्चातले २० हजार दोन्हीकडून काम करतात. जास्त परताव्याचा फंड शोधण्यात त्याने वर्ष घालवलं, त्यापेक्षा हे मोठं आहे.

"काऊन घाबरवतो बे पोराला?" बँकेतून निवृत्त झालेले माझे दादा म्हणाले. "घर आहे, वर्धा रोडवर प्लॉट आहे, बाकीची एफडी." दादांचं अर्धं बरोबर आहे. भाडं द्यावं लागत नाही हा मोठाच आधार. पण साठीला सुरू झालेली एफडी आणि ४५ ला सुरू झालेली एफडी यांत पंधरा वर्षांची महागाई असते. आणि प्लॉटमधून किराण्यापुरते चार फूट विकता येत नाहीत.

इथे माझ्या ऑफिसात लवकर निवृत्तीची चर्चा चार टक्क्यांभोवती फिरते : पहिल्या वर्षी साठवणीचे चार टक्के काढायचे, पुढे महागाईप्रमाणे वाढवायचे, म्हणजे साठवण खर्चाच्या २५ पट लागते. अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये मांडलेला हा आकडा अमेरिकी बाजाराचा, आणि तोही ३० वर्षांसाठी. पुतण्याला चाळीसेक वर्षं काढायची आहेत. म्हणून मी २५ ऐवजी ३० पट धरलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घसरण कधी येते. समजा दोघांकडे तीन-तीन कोटी, सगळे सेन्सेक्समध्ये, वर्षाच्या सुरुवातीला दहा लाख काढायचे. पहिला जानेवारी २००८ मध्ये थांबला. त्या वर्षी सेन्सेक्स ५२ टक्के पडला, त्याच्याकडे १ कोटी ३९ लाख उरले. २००९ मध्ये बाजार ८१ टक्के वर गेला, तरी महागाईप्रमाणे खर्च काढून वर्षाअखेर त्याच्याकडे २ कोटी ३२ लाखच. दुसरा एक वर्ष उशिरा थांबला; २००९ च्या अखेरीस त्याच्याकडे सव्वापाच कोटी. पहिल्याने चूक काहीच केली नव्हती. दरवर्षी काढायची रक्कम उरलेल्या पैशांच्या किती टक्के होते ते बघावं. पहिल्याची साडेतीनहून कमी होती, वर्षभरात साडेसातच्या पुढे गेली. तिथेच सावध व्हायचं.

यावर माझ्या इथल्या सहकाऱ्याचा उपाय असा : तीन वर्षांचा खर्च एफडीत ठेवायचा, पडत्या वर्षी तिथून खायचं, चांगल्या वर्षी भरून काढायचं. उपाय चांगला, पण घसरण तीन वर्षांत भरून निघेलच असं नाही; जपानचा शेअर निर्देशांक निक्केई १९८९ च्या अखेरची पातळी पुन्हा गाठायला २०२४ उजाडलं. म्हणून पहिली पाच वर्षं थोडीफार कमाई चालू ठेवावी असं मला वाटतं. सहकाऱ्याला ते पटत नाही. त्याच्या मते ती निवृत्तीच नव्हे.

"आमच्या भावाचं सांगा ना," वहिनी मध्येच म्हणाल्या. त्यांना आजारपणाचंच सांगायचं होतं. भावाने नोकरी सोडली, कंपनीचा विमा गेला, नवी पॉलिसी घेतली. एजंट म्हणाला, बीपीचं लिहू नका. चौदा महिन्यांनी अँजिओप्लास्टी झाली आणि क्लेम फेटाळला गेला; डिस्चार्ज कार्डवरच 'पाच वर्षांपासून बीपी' लिहिलेलं होतं. भारतात आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, हे खरं लिहिलं असतं तरी त्याला लागू झालंच असतं. पण पुढच्या आजाराचा क्लेम तरी मिळाला असता. इथे मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, ६५ ला मिळतो. ४५ ला थांबलेल्याला वीस वर्षं हप्ता खिशातून. तुलनेत नागपूर सोपं, फक्त कंपनीचा विमा असला तरी स्वतःची पॉलिसी आज, छत्तिशीत, सगळं खरं लिहून घ्यायची. नोकरी सोडेपर्यंत तो काळ संपलेला असेल.

रात्री त्याने खर्चाची शीट पाठवली. किराणा, पेट्रोल, रविवारचे तर्री पोहेसुद्धा होते. लेक आज आठ वर्षांची आहे. तो थांबेल तेव्हा सतरा. कॉलेजच्या फीची ओळ मात्र शीटमध्ये नव्हती. विचारलं, अजून उत्तर नाही.