जाहिराती मोजण्यावरच्या आक्षेपाला उत्तर

«सर, त्या प्लेसमेंट ऑफिसरचं भाषण तुम्ही उगाच डोक्यावर घेतलंत. शेवटच्या वर्षाच्या मुलांना जाहिराती मोजायला लावून काय साधणार? बाजार सहा महिन्यांत पालटतो. आवडीचं काम धरावं, नोकरी मागून येते. आणि या लोकांना कॉलेजचा आकडा फुगवण्याशी मतलब असतो, हेही लिहा.»

बाजार पालटतो, हे त्या प्लेसमेंट ऑफिसरांना मान्य होतं. पण नोकरीच्या जाहिराती नुसत्या मोजा, असं ते म्हणाले नाहीत. माझ्या लेखात तो भाग दोन ओळींत उरकला गेला, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

त्यांनी डेटा अ‍ॅनालिस्टचं उदाहरण घेतलं. फळ्यावर लिहिलेले आकडे समजण्यापुरते होते. समजा, एका मुलीने महिनाभरात या पदाच्या 60 जाहिराती जमवल्या. साठ म्हटलं की मागणी जोरात वाटते. मग त्यांनी गाळणी सुरू केली. एकच जागा कंपनीच्या साइटवर, जॉब पोर्टलवर आणि दोन कन्सल्टंटकडे दिसते. अशा दुहेरी-तिहेरी नोंदी काढल्यावर राहिल्या 40. त्यातल्या किती जागा फ्रेशरला खुल्या आहेत? दोन-तीन वर्षांचा अनुभव मागणाऱ्या बाजूला ठेवल्या, तर उरल्या 6. त्या मुलीचा बाजार साठचा नाही, सहाचा आहे.

मग त्यांनी शोधाचा शब्द बदलला. पदाचं नाव सोडून कामाची कौशल्यं टाकली: एक्सेल, एसक्यूएल, रिपोर्ट बनवणं. आता बँका, रुग्णालयं, मालवाहतूक कंपन्या यांच्या रिपोर्टिंगच्या जागा समोर आल्या. त्या 25 होत्या, गाळून 20 राहिल्या आणि त्यांतल्या 13 फ्रेशरसाठी. काम बरंचसं तेच, नाव कमी चकचकीत. आवड जपण्याबद्दल तुम्ही म्हणता ते मला पटतं, पण तिला आत शिरायला दार लागतं, आणि ते बहुतेकदा वेगळ्याच नावाखाली असतं.

सगळ्यात मोलाचा भाग यापुढचा होता. या तेरा जागा रिकाम्या का आहेत? एक तर काम वाढलंय, नाहीतर माणसं टिकत नाहीत. जाहिरातीत दोन्ही सारख्याच दिसतात. तीच कंपनी तीच जागा दर महिन्याला पुन्हा टाकत असेल, आणि तिथे नवी शाखा किंवा नवं काम आल्याचं कुठे दिसत नसेल, तर माणसं गळताहेत असा संशय घ्यावा. खात्री करायची तर दोन वर्षांपूर्वी तिथे लागलेल्या माजी विद्यार्थ्याला फोन करून एवढंच विचारायचं: तुझ्या जागेवर आधी कोण होतं, आणि ते कुठे गेलं? आधीचा माणूस त्याच कंपनीत वर गेला असेल, तर ती पायरी आहे. सहा महिन्यांत कंटाळून गेला असेल, तर रोज तोच रिपोर्ट इकडून तिकडे चिकटवायचं ते काम असण्याची शक्यता जास्त. रिपोर्टिंगच्या जागांमध्ये हा धोका खरा आहे आणि त्यांनी तो लपवला नाही.

बाजार पालटण्याबद्दल तुमचा मुद्दा अर्थशास्त्रात जुना आहे. रिचर्ड फ्रीमन यांनी 1976 मध्ये अमेरिकेतल्या नव्या इंजिनिअरांच्या सुरुवातीच्या पगारांवर लिहिताना तो मांडला होता. तुटवडा असला की पगार चढतात, ते पाहून मुलं प्रवेशाला धावतात, आणि ती पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत गर्दी होऊन पगार उतरतात. पण हा फेरा चालतो तो प्रवेश आणि पदवी यांच्यामधल्या वर्षांमुळे. बारावीनंतर शाखा निवडणाऱ्याने आजच्या जाहिरातींवर विसंबू नये, हे शंभर टक्के खरं. शेवटच्या वर्षाचा मुलगा मात्र काही महिन्यांतच बाजारात उतरणार आहे. त्याच्यासाठी आजचं चित्र अजून शिळं झालेलं नाही, आणि दर महिन्याला पुन्हा मोजून ते ताजं ठेवता येतं.

शिवाय पहिली नोकरी मंदीत मिळाली तर त्याचा फटका पगाराला अनेक वर्षं बसतो, असं कॅनडातल्या पदवीधरांवरच्या 2012 च्या अभ्यासात दिसलं. ही तूट भरून निघाली ती बऱ्याच अंशी चांगल्या कंपनीत उडी मारल्यामुळे. म्हणून पहिली जागा पगारापेक्षा तिथून पुढे कुठे जाता येतं यावर जोखावी, हा त्या ऑफिसरांचा आग्रह मला रास्त वाटतो.

आकडा फुगवण्याचा आक्षेप मी खोडून काढणार नाही. ऑफर लेटरं मोजली की काम संपलं, असं मानणारे विभाग आहेत. पण या गृहस्थांनी मुलांना सांगितलं की मी बोलावलेल्या कंपनीलाही हेच लावा. प्रेझेंटेशन संपल्यावर हात वर करून विचारा: मागच्या वर्षी इथून घेतलेल्यांपैकी आज किती जण तुमच्याकडे आहेत, आणि ते काय काम करतात? उत्तर टाळलं गेलं, तर ऑफर घेण्याआधी त्या मुलांना स्वतः शोधून काढा. त्यांची यादी आमच्या ऑफिसात मिळेल, असंही ते म्हणाले.