जर्मन सीव्हीचा तो फॉरवर्ड

“जर्मन सीव्हीत फोटो, धर्म, लग्न झालंय का आणि वडिलांचा व्यवसाय लिहावाच लागतो. शिक्षण पहिलीपासून. गॅप दिसला तर सीव्ही कचऱ्यात, म्हणून आधीच्या नोकरीची तारीख पुढे ओढा, नाहीतर नुसती वर्षं लिहा.”

हे माझ्या भाचीला कुणीतरी पाठवलं, आणि तिने ते मानलंही. म्हणून हा वैताग.

आधी गॅपचं बघू, कारण खरं नुकसान तिथे आहे. भाचीने 28 फेब्रुवारी 2023 ला नोकरी सोडली, पुढची ऑक्टोबरात लागली. मधले सात महिने आजीचं आजारपण आणि जर्मनचा क्लास. फॉरवर्ड वाचून तिने पहिली नोकरी सप्टेंबरपर्यंत ताणली. जर्मनीत अर्जाला सीव्हीबरोबर प्रमाणपत्रंही जोडतात. म्हणजे त्याच पीडीएफच्या चौथ्या पानावर तिचं एक्सपिरिअन्स लेटर, आणि त्यात 28 फेब्रुवारी! चोरी पकडायला पान उलटायचाच अवकाश. न पकडता नोकरी लागली तरी सुटका नाही. जर्मन दिवाणी संहितेच्या कलम 123 प्रमाणे महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून फसवून केलेला करार रद्द ठरवून घेता येतो, आणि फसवणूक कळल्यापासून वर्षभर मालकाला ती मुभा असते.

नुसती वर्षं लिहूनही काही झाकत नाही. डाव्या रकान्यात महिना आणि वर्ष असायची तिथे रीत आहे. महिने गायब दिसले की वाचणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते. एक-दोन महिन्यांचा गॅप कुणी विचारत नाही. त्याहून मोठा असेल तर दोन ओळी पुरतात:

```
03/2023 – 09/2023  Pflege der Großmutter;
                   Deutschkurs, Abschluss B1
```

आजारपण स्वतःचं असेल तर निदान लिहायची गरज नाही.

धर्म, लग्न, वडिलांचा व्यवसाय: हे काही लिहू नका. वडिलांचा व्यवसाय ही तर आजोबांच्या काळातली रीत. चर्चशी जोडलेल्या काही संस्था धर्म विचारतात, तेवढा अपवाद. फोटोत मात्र अर्धं खरं आहे, कबूल. 2006 च्या समान वागणूक कायद्यानंतर फोटो मागण्याचं प्रमाण कमी झालं, पण लावणारे अजून पुष्कळ आहेत. लावायचा तर नीट काढलेला लावा, लग्नातला कापून नको.

शिक्षणात पहिली-दुसरी कशाला? सगळ्यात अलीकडची पदवी वर, खाली उतरत बारावीपर्यंत, बास. पण नुसतं 8.2 सीजीपीए लिहू नका. तिथे 1 म्हणजे उत्तम आणि 4 म्हणजे काठावर पास, त्यामुळे 8.2 हा आकडा त्यांना चक्रावतो. ‘10 पैकी’ हे शेजारी हवंच.

भाचीने तारीख दुरुस्त केली. धर्माची ओळ मात्र अजून तशीच आहे, “असू दे ना मामा” म्हणते.